शिरोरेखा धूसर, काना स्पष्ट : मायनस, प्लस आणि सिलिंडर नंबरचा हिशेब

प्रश्न : वय २६. चार वर्षं दोन्ही डोळ्यांना −२.७५ चा चष्मा होता. आता नवीन ठिकाणी डोळे तपासले, तर उजवा −२.०० / −१.५० × १८० आणि डावा −२.७५ असा नंबर निघाला. म्हणजे उजव्याचा नंबर कमी झाला का? हे −१.५० आणि १८० काय आहे? हौसेनं गोल फ्रेम घेतली. आठ दिवस झाले, फरशी तिरकी दिसते, जिना उतरताना पाय चुकतो आणि उजव्या डोळ्यानं बसची पाटी अजूनही धूसर दिसते. दुकानदार म्हणतो सवय होईल. शिवाय माझ्या १९ वर्षांच्या बहिणीला लांबचं सगळं नीट दिसतं, तरी डोकं दुखतं म्हणून डॉक्टरांनी +१.७५ चा चष्मा दिला. हे कसं?

उत्तर : नंबर कमी झालेला नाही. तुमच्या उजव्या डोळ्यात सिलिंडर, म्हणजे चिठ्ठीतला तो −१.५०, बहुधा आधीपासूनच होता, जुन्या चष्म्यात तो दिला नव्हता एवढंच. आणि तुमच्या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. फरशी तिरकी दिसणं बहुतेक वेळा सवयीनं जातं. पाटी धूसर दिसणं सवयीनं जात नाही. दुकानदारानं दोन्हींना एकच उत्तर दिलं, तिथं माझं त्याच्याशी जमत नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, वीसेक वर्षं रोज हेच काम करतो. तुमचा डोळा न तपासता जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो.

आधी साधा मायनस समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डोळ्याची प्रकाश वळवण्याची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. चिठ्ठीवरचा नंबर म्हणजे हेच एकक. सरासरी डोळ्याची ताकद ६० डायॉप्टरच्या आसपास असते. त्यातली सुमारे ४३ पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे पारपटलाची, आणि उरलेली आतल्या नैसर्गिक भिंगाची. डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर. ताकद आणि लांबी यांचा मेळ बसला की लांबून आलेला प्रकाश नेमका मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, एका बिंदूत जमतो. लांबी एका मिलिमीटरनं वाढली तर अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढ्या फरकात माणसाला बसची पाटी दिसेनाशी होते, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

तुमच्या डाव्या डोळ्यात तेच झालंय. प्रकाश पडद्याच्या अलीकडेच, सुमारे एक मिलिमीटर आधी जमतो आणि पुढे पुन्हा पसरत पडद्यावर पोचतो. बिंदूच्या जागी डाग पडतो. पण तीच वस्तू जवळ आणली तर तिच्याकडून येणारे किरण मुळातच पसरत येतात, त्यांना जमायला जास्त अंतर लागतं, आणि एका ठरावीक जागी वस्तू आली की ते बरोबर पडद्यावर जमतात. ही जागा नंबरवरून काढता येते : १ भागिले नंबर, उत्तर मीटरमध्ये. २.७५ साठी ती सुमारे ३६ सेंटिमीटर. चष्मा काढून डावा डोळा साधारण तेवढ्या अंतरापर्यंतच स्वच्छ पाहतो. पट्टी घेऊन मोजून बघा. याला मी ‘डोळ्याचं कुंपण’ म्हणतो. पुस्तकात त्याला दूरबिंदू म्हणतात.

मायनसची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, ती प्रकाश पसरवते. −२.७५ ची काच लांबच्या झाडाकडून सरळ येणाऱ्या किरणांना असं पसरवते, की जणू ते ३६ सेंटिमीटरवरून येताहेत. म्हणजे चष्मा डोळ्याला काहीच शिकवत नाही, डोळा बरा करत नाही की बिघडवतही नाही. तो लांबचं जग कुंपणाच्या आत आणून ठेवतो. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ ही भीती दर दुसऱ्या पालकाच्या तोंडी असते. वाढत्या वयात नंबर वाढतो तो डोळा लांबत असतो म्हणून.

आता तुमचा उजवा डोळा. इथे खरी गंमत आहे.

साध्या मायनसमध्ये पारपटल चेंडूसारखं सगळ्या दिशांना सारखं गोल असतं. तुमचं उजवं पारपटल आडव्या ठेवलेल्या अंड्याच्या पाठीसारखं असणार : आडव्या दिशेनं वळण सौम्य, उभ्या दिशेनं जास्त तीव्र. फरक डोळ्यानं दिसण्याइतका नसतो. यंत्रावर मोजलं तर आडवं ४३.०० आणि उभं ४४.५० असं काहीतरी येईल. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, पण दोन्हींमधला दीडचा फरक तुमच्या चिठ्ठीतलाच. परिणाम असा, की उभ्या दिशेचे किरण लवकर जमतात आणि आडव्या दिशेचे उशिरा. एका बिंदूकडून आलेला प्रकाश अशा डोळ्यात कुठेच बिंदू होत नाही. आधी एका जागी त्याची बारीक आडवी रेघ होते, पुढे जाऊन दुसऱ्या जागी उभी रेघ होते, आणि दोहोंच्या मध्ये कुठेतरी लहानसा गोल डाग. यालाच दृष्टिवैषम्य म्हणतात. दुकानात सगळे ‘सिलिंडर नंबर’ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

चिठ्ठी आता अशी वाचा. १८० म्हणजे अ‍ॅक्सिस, आडवी दिशा. सिलिंडरचा नंबर अ‍ॅक्सिसच्या दिशेला लागू होत नाही, तिच्या काटकोनात लागू होतो. म्हणून तुमच्या उजव्या डोळ्याला आडव्या दिशेत −२.०० हवेत, आणि उभ्या दिशेत दोन अधिक दीड, म्हणजे −३.५०. एकाच डोळ्याला दोन नंबर आहेत, चिठ्ठी फक्त ते थोडक्यात लिहिते. पडद्याच्या हिशेबात सांगायचं तर आडवी रेघ पडद्याच्या सव्वा मिलिमीटर अलीकडे आणि उभी रेघ पाऊण मिलिमीटरला जरा कमी अलीकडे, अशा दोन जागी प्रकाश जमतो.

दोन नंबर म्हणजे दोन कुंपणं. ३.५० चं कुंपण सुमारे २९ सेंटिमीटरवर, २.०० चं ५० वर. हे घरी बसून बघता येतं, आणि देवनागरी वाचणाऱ्याला तर फारच छान दिसतं. चष्मा काढा, डावा डोळा झाका आणि मराठी वर्तमानपत्र उजव्या डोळ्यासमोर धरा. २५ सेंटिमीटरवर आतलं भिंग आवळून डोळा काना आणि शिरोरेखा आलटून-पालटून स्पष्ट करू शकतो. हळूहळू लांब न्या. ४० सेंटिमीटरच्या आसपास काना आणि अक्षरांचे उभे दांडे काळेभोर राहतील, पण शिरोरेखा पसरेल, जाड आणि राखाडी होईल, काहींना दुहेरी दिसते. ५० च्या पुढे काना पण जाईल. उभी रेघ तेव्हा स्पष्ट दिसते जेव्हा तिच्या आडव्या दिशेतला पसारा आटोक्यात असतो, वर-खाली थोडं पसरलं तरी ती आपल्याच लांबीत मिसळून जाते. शिरोरेखेचं उलट. इंग्रजी तक्ता वाचताना लोक ‘जरा धूसर आहे’ एवढंच सांगतात. मराठी मजकूर दिला की ‘वरची रेघ पुसट आहे’ असं नेमकं सांगतात. उलट प्रकारचा सिलिंडर असेल तर शिरोरेखा लख्ख आणि काना पुसट. अ‍ॅक्सिस तिरका असेल तर दोन्हींपैकी एकही धड नाही.

हा डोळा पहिल्यांदा चष्म्यानं दुरुस्त करणारा माणूस जॉर्ज बिडेल एअरी, केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ. त्याचा स्वतःचा डावा डोळा असा होता. पुठ्ठ्यातल्या बारीक छिद्रातून येणारा उजेड मागेपुढे नेत, तो कोणत्या दोन अंतरांवर रेघ होतो हे त्यानं मोजलं आणि १८२५ च्या सुमारास त्या मापानं काच घासून घेतली. तुम्ही वर्तमानपत्रावर कराल तो प्रयोग जवळपास तोच आहे.

आता तुमच्या जुन्या −२.७५ चं कोडं सुटतं. २.०० आणि ३.५० यांची बरोबर सरासरी २.७५. सिलिंडर न देता एकच नंबर द्यायचा झाला, तर सिलिंडरचा अर्धा भाग स्फिअरमध्ये, म्हणजे चिठ्ठीतल्या पहिल्या साध्या नंबरात, मिळवतात, इथे तेच घडलेलं दिसतं. त्या काचेनं उभ्या दिशेला पाऊण नंबर कमी पडत होता आणि आडव्या दिशेला पाऊण नंबर जास्त होत होता. एक रेघ पडद्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, आणि पडद्यावर मधला गोल डाग. यात लबाडी होती असं नाही. पहिल्यांदा चष्मा लागलेल्या मोठ्या माणसाला सिलिंडर झेपणार नाही असं वाटलं की काही जण असं करतात. घाईत मशीनचा कागद पाहून गोल नंबर देणारेही आहेत. पण १.५० सिलिंडर असाच सोडून द्यायला मला पटत नाही. तुमचा डोळा चार वर्षं आतलं भिंग जरा आवळून ती पलीकडची रेघ पडद्यावर ओढत असणार, मग काना स्पष्ट आणि शिरोरेखा आणखी पुसट. संध्याकाळी कपाळ जड व्हायचं का, आठवून बघा.

नवी काच कशी काम करते हे पाहायला पाण्यानं भरलेली काचेची सरळ बाटली वर्तमानपत्रासमोर उभी धरा. अक्षरं रुंद होतात, उंची तेवढीच राहते. बाटलीला उभ्या दिशेत ताकद नाही, आडव्या दिशेत आहे. सिलिंडरची काच हीच, फक्त मायनसमध्ये ती फुगीर नसून पन्हळीसारखी आतून खोलगट असते. तुमच्या काचेत −२.०० सगळ्या दिशांना आहे आणि वर ही पन्हळ आडवी बसवली आहे, म्हणून तिची −१.५० ताकद फक्त उभ्या दिशेला मिळते. दोन्ही रेघा मागे सरकतात, अलीकडची जास्त, पलीकडची कमी, आणि दोघी पडद्यावर एकमेकींना भेटून बिंदू होतात. पन्हळ बरोबर आडवी बसली तर.

आणि तुमची फ्रेम गोल आहे! मला पहिला संशय तिथंच आला.

चौकोनी फ्रेममध्ये काच फिरू शकत नाही, कोपरे तिला धरून ठेवतात. पूर्ण गोल फ्रेममध्ये स्क्रू किंचित ढिला असला, किंवा काच बसवताना खूण जरा सरकली, तर काच जागच्या जागी फिरते आणि बाहेरून काहीच कळत नाही. साध्या मायनसच्या काचेला फिरण्यानं फरक पडत नाही, म्हणून तुमचा डावा डोळा मजेत आहे. सिलिंडरला पडतो. १.५० सिलिंडर १५ अंशांनी फिरला तर जवळजवळ पाऊण नंबरचा सिलिंडर दुरुस्तीविना उरतो, म्हणजे अर्धा फायदा गेला. ५ अंशांना सुमारे पाव नंबर उरतो, तो बऱ्याच जणांना जाणवतही नाही. ३० अंश फिरला तर उरलेला सिलिंडर पुन्हा दीडच, फक्त तिरक्या दिशेत. चष्मा असून नसल्यासारखा.

हे घरी ओळखायचे दोन उपाय. पहिला : डावा डोळा झाकून लांबची एखादी पाटी पाहा आणि चष्मा दोन्ही हातांनी धरून चेहऱ्यासमोरच किंचित घड्याळाच्या दिशेनं, मग उलट दिशेनं कलता करा. दहा-पंधरा अंश पुरे. सरळ स्थितीत सगळ्यात स्पष्ट दिसत असेल तर अ‍ॅक्सिस बरोबर आहे. एका बाजूला कलल्यावर अक्षरं एकदम उठून दिसली, तर काच डोळ्याच्या अ‍ॅक्सिसशी जुळत नाही. दुसरा : चष्मा काढून हातभर लांब, सरळ आडवा धरा आणि उजव्या काचेच्या मधोमध दाराच्या चौकटीची उभी कड पाहा. काचेच्या आत दिसणारी कड आणि काचेबाहेरची कड समांतर हव्यात. १८० अ‍ॅक्सिसची काच नीट बसली असेल तर त्या असतातच. आतली कड कलती दिसली, तर काच फिरलेली आहे. १५ अंशांची चूक असेल तर कल चांगला चार-पाच अंशांचा दिसतो. डाव्या काचेतून बघून खात्री करा. तिच्यात चष्मा कसाही फिरवला तरी कड कलणार नाही.

हे दोन उपाय वेगळं सांगतात, म्हणून दोन्ही करा. कड कलती दिसली तर चूक काच बसवण्यात आहे. दुकानात लेन्सोमीटरवर चष्मा ठेवून अ‍ॅक्सिस वाचायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. काच जागेवर फिरवून स्क्रू आवळतात, नवी काच लागत नाही. कड सरळ आहे पण चष्मा कलता केल्यावर पाटी उजळते, तर काच चिठ्ठीप्रमाणे आहे आणि चिठ्ठीच तपासायला हवी. अ‍ॅक्सिस काढताना पेशंटची मान ट्रायल फ्रेममध्ये जरा तिरकी झाली तरी हे होतं. माझ्याकडून झालंय. एका शिक्षिकाबाईंचा अ‍ॅक्सिस मी १० लिहिला, त्या दोनदा परत आल्या, दोन्ही वेळा मी सवयीचं कारण दिलं. तिसऱ्यांदा त्या माझ्यासमोर चष्मा हातानं कलता करून म्हणाल्या, ‘सर, असा धरला की फळा दिसतो.’ अ‍ॅक्सिस निघाला १७०. १८० नंतर मोजणी पुन्हा शून्यापासून होते, म्हणून ही वीस अंशांची चूक, आणि काच माझ्या खर्चानं बदलली. तेव्हापासून अ‍ॅक्सिस तपासायची क्रॉस सिलिंडरची काच लावण्याआधी मी पेशंटची हनुवटी बघतो.

चष्मा कसाही फिरवून पाटी स्पष्ट होत नसेल, तर पुठ्ठ्याला टाचणीनं मिलिमीटरभर छिद्र पाडा आणि चष्म्यावरून त्यातून पाहा. बारीक छिद्र पसरणारे किरण कापून टाकतं, त्यामुळे प्रकाश कुठे जमतो याचं महत्त्व उरत नाही. छिद्रातून पाटी स्वच्छ झाली तर दोष नंबरात आहे, पुन्हा तपासून घ्या. छिद्रातूनही तशीच धूसर राहिली तर चष्म्याच्या दुकानाचा नाद सोडून नेत्रतज्ज्ञांकडे जा. लहानपणापासून सिलिंडर दुरुस्त झालेला नसेल तर तो डोळा पूर्ण स्पष्ट पाहायला शिकलेलाच नसतो, असंही कधीकधी निघतं.

आता तिरकी फरशी. तुमची उजवी काच उभ्या दिशेत −३.५० ची आहे आणि आडव्या दिशेत −२.०० ची. मायनस जेवढा जास्त तेवढी वस्तू लहान दिसते, म्हणून उजव्या डोळ्याला दार रुंदीच्या मानानं सुमारे दोन टक्के बुटकं दिसतं. एका डोळ्यानं पाहताना हे कळणारही नाही. पण डावा डोळा तेच दार प्रमाणात पाहतोय. मेंदू दोन डोळ्यांच्या चित्रांमधल्या फरकावरून खोली ठरवतो, आणि त्याच्या हिशेबात असा फरक म्हणजे समोरचा पृष्ठभाग कललेला आहे. म्हणून फरशी, टेबल, पायरी कलते. एक डोळा झाकल्यावर हे भास नाहीसे होत असतील, तर तो मेंदूचा जुना हिशेब आहे आणि चष्मा दिवसभर लावला तर साधारण एक ते दोन आठवड्यांत नवा बसतो. घरात लावायचा आणि बाहेर जुना घालायचा असं केलंत तर तो कधीच बसणार नाही. तेवढे दिवस जिना कठडा धरून उतरा आणि गाडी जपून. काच फिरलेली असेल तर मात्र आधी ती दुरुस्त करा, नाहीतर मेंदू चुकीच्या काचेची सवय करून घेईल आणि काच सरळ केल्यावर पुन्हा पहिल्यापासून. फ्रेम चेहऱ्याच्या जितकी जवळ बसेल तितका हा फरक कमी, म्हणून नाकावरचे पॅड फ्रेमच्या दिशेनं दाबून घेतले तरी बरं वाटतं.

तीन आठवड्यांनीही भास गेला नाही तर मी सिलिंडर थोडा कापतो. तुमच्या बाबतीत −२.२५ / −१.०० × १८० लिहीन. सरासरी तीच २.७५ राहते, अर्धा नंबर सिलिंडर उरतो, पण दोन डोळ्यांचं भांडण कमी होतं. स्पष्टता जराशी सोडावी लागते. काहींना तो सौदा पटतो, काहींना नाही, आणि ते न भेटता सांगता येत नाही. एक मात्र लक्षात ठेवा : सिलिंडर तुमच्या वयात सहसा फारसा हलत नाही. सहा-सहा महिन्यांनी तो वाढत असेल किंवा अ‍ॅक्सिस भरकटत असेल, त्यातून डोळे चोळायची सवय असेल, तर पारपटलाचा नकाशा काढून घ्या. पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा एक आजार असतो, आणि त्यात नुसता चष्मा बदलत राहणं म्हणजे वेळ घालवणं.

बहिणीचं उलट आहे. तिचा डोळा ताकदीच्या मानानं आखूड, प्रकाश जमायची जागा पडद्याच्या पलीकडे. पण आतलं भिंग स्नायूच्या जोरावर फुगीर होऊन जादा ताकद देऊ शकतं, आणि १९ व्या वर्षी तिच्याकडे जवळपास १० डायॉप्टरचा साठा आहे. त्यातले पावणेदोन खर्च केले की प्रकाश पडद्यावर येतो आणि लांबची पाटी लख्ख दिसते. म्हणून तक्त्यावर ती पास. तुम्हाला हा मार्ग नाही, कारण भिंग ताकद वाढवू शकतं, स्वतःच्या मूळ ताकदीखाली जाऊ शकत नाही. मायनसवाल्याला म्हणून धूसर दिसतं आणि प्लसवाल्याला दमायला होतं. ‘दीर्घदृष्टी’ हे नाव त्यामुळे फसवं आहे. लांब पाहतानाही तिला आराम नाही.

खर्च मोजा. तुम्ही-आम्ही लांब पाहताना शून्य, तिला १.७५. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरलं की आपल्याला २.५०, तिला ४.२५. अभ्यासाचे सहा-सात तास हा ताण, मग भुवईच्या वर दुखणं, ओळी मिसळणं, पुस्तकावरून मान वर केली की क्षणभर सगळं अंधुक. +१.७५ ची मध्ये जाड काच किरणांना आधीच थोडं जवळ आणते, जमायची जागा पलीकडून पडद्यावर येते आणि स्नायूला त्या वाट्याची सुट्टी मिळते. तिच्या आईला किंवा मावशीला चाळिशीत लागतो तो वाचायचा चष्माही प्लसचाच, पण तिथं डोळ्याची लांबी ठीक असते, आतलं भिंग कडक होऊन फुगायचं थांबलेलं असतं. हे दोन वेगळे दोष आहेत हे डच नेत्रतज्ज्ञ डॉन्डर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात नीट मांडलं, त्याआधी बराच गोंधळ होता. तुमच्या बहिणीला चाळिशी मात्र मैत्रिणींच्या आधी जाणवेल, कारण तिचा साठा दोन कामांत वाटला जातो.

तिला बुबुळ मोठं करणारे थेंब घालून तपासलं होतं का, एवढं विचारा. थेंबांनी तो स्नायू सैल पडतो आणि लपलेला नंबर बाहेर येतो. न घालता तपासलं तर तरुण डोळा सवयीनं आवळलेलाच राहतो, मशीनवर +०.५० किंवा कधी चक्क मायनसही येतो. त्या मायनसचा चष्मा मिळाला तर डोकं आणखी दुखतं, आणि अशा मुली माझ्याकडे वर्षाला दोन-चार येतातच. थेंब घातले असतील तर +१.७५ वर माझा विश्वास आहे. सुरुवातीला तिला चष्म्यातून लांबचं जरा पुसट दिसेल, कारण स्नायू आवळायची सवय लगेच सोडत नाही. आधी अभ्यासाच्या वेळी लावू दे, दोन-तीन आठवड्यांत लांबचंही खुलतं. पुसटच राहिलं तर डॉक्टर नंबर थोडा उतरवून देतात, चष्मा ड्रॉवरमध्ये टाकायची गरज नाही.

उद्या दुकानात जाण्याआधी चौकटीची कड बघून घ्या. लेन्सोमीटरवर उजव्या काचेचा अ‍ॅक्सिस १७५ ते १८० किंवा ० ते ५ या दरम्यान आला तर ठीक, त्याबाहेर आला तर काच फिरवून स्क्रू तुमच्यासमोर आवळून घ्या. गोल फ्रेमच ठेवायची असेल तर काचेवर नाकाच्या बाजूला, फ्रेमच्या कडेशी जुळवून, बारीक मार्करनं एक ठिपका करून ठेवायला सांगा. काच पुन्हा फिरली तर ठिपका सरकलेला दिसेल. आणि आकडा काय आला ते इथं लिहा.